आजीच्या केसांभोवतीची ती निळी कड

रामकुंडावर भर दुपारी काढलेला आजीचा फोटो. मागे लख्ख निळं आकाश, पांढरे केस वाऱ्यावर भुरभुरतायत. घरच्या ग्रुपसाठी त्याचा स्टिकर करायचा, तर दरवेळी तेच! फोनमध्ये फोटोवर बोट दाबून धरलं की आजी मागच्या आकाशापासून सुटी होते, पण केसांभोवती निळसर कड राहतेच. पांढऱ्यावर ती फारशी दिसत नाही. गडद चॅटवर टाकली की नेमकी चमकते.

अहो, कडेच्या पिक्सेलमध्ये केस आणि आकाश दोघांचेही रंग फोटो काढतानाच मिसळलेले असतात. कात्री कितीही बारीक चालवा, तो निळा केसांसोबत येणारच. वर सल्ला मिळतो, 'कड दोन पिक्सेल आत घे.' खांद्याला, पदराला ते चालतं हो! केसांना केलं की भुरभुरत्या बटा गायब, आणि डोकं गुळगुळीत कापल्यासारखं दिसतं. माझी आजी अशी दिसत नाही!

काल शेवटी एडिटिंग ॲपमध्ये सुट्या केलेल्या आजीच्या लेयरची पारदर्शकता लॉक केली, म्हणजे रंग बाहेरच्या रिकाम्या जागेत सांडत नाही, शेजारच्या केसांचाच रंग उचलला आणि मऊ ब्रशने कडेवरून फिरवत बसले. बटा जागेवर राहिल्या, निळा गेला. पण एका फोटोला तासभर! आणि कानामागची एक बट आधीच कापली गेली होती, ती गेलीच.