‘बघतो’ म्हणण्याने कोणाची सोय होते?

दूरच्या नात्यातल्या लग्नाला जाणे जमणार नसेल तर ‘बघतो’ न म्हणता स्पष्ट नकार कळवावा, आणि कारण सांगताना पैशाची अडचण आधी पुढे करू नये, असे मी एका लेखात लिहिले होते. त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली.

प्रतिक्रिया : “लेख कोरडा वाटला. दूरचे असले तरी नातेच ना? ‘बघतो, जमवायचा प्रयत्न करतो’ एवढे म्हणायला काय जाते? तोंडावर नाही म्हटले की माणसे दुरावतात. आणि पैशाची अडचण आधी सांगू नका, हा सल्ला तर मुळीच पटला नाही. खरे सांगण्यात लाज कसली?”

उत्तर :

आपण मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल आभार. माझा लेख कोरडा झाला असेल, हे मान्य करतो. पण ‘बघतो’ या शब्दाविषयीचे माझे मत अनुभवातून बनलेले आहे. काही वर्षांपूर्वी मी एका नातेवाइकांना अगदी तेच उत्तर दिले होते. त्यांनी त्याचा अर्थ ‘येतो’ असा घेतला, आमच्यासाठी खोली राखून ठेवली आणि लग्नाच्या आदल्या दिवशी मी नकार कळवला. ते रागावले ते मी गेलो नाही म्हणून नव्हे, तर तीन आठवडे त्यांना ताटकळत ठेवले म्हणून, आणि त्यात त्यांचे काहीच चुकले नव्हते. ‘बघतो’ म्हटल्याने अवघडलेपण टळते ते आपले. यजमानांची मोजदाद मात्र अडून राहते.

आता पैशाविषयी. खर्चाचे कारण लाजिरवाणे आहे म्हणून ते मागे ठेवावे, असे मला म्हणायचे नव्हते. अडचण वेगळीच आहे. खर्चाचे कारण पुढे केले की समोरचा मनुष्य भलेपणाने म्हणतो, “तिकिटाचे मी पाहतो.” मग एक तर ज्यांच्या घरी आधीच खर्चाचा डोंगर आहे त्यांच्यावर आपला भार टाकायचा, नाही तर दुसऱ्यांदा नकार द्यायचा; आणि हा दुसरा नकार पहिल्यापेक्षा जास्त बोचतो, कारण आता आपण निमंत्रणाबरोबर मदतही नाकारलेली असते. रजेचे तसे नसते. ती यजमानांना देता येत नाही, त्यामुळे त्यावर घासाघीस होत नाही. दोन्ही कारणे खरी असतील तर रजेचे आधी सांगावे, एवढाच माझा मुद्दा होता. खोटे कारण मात्र सांगू नये. आजारपणाची सबब सांगितली की चौकशीचा फोन नेमका घरातल्या अशा माणसाकडे जातो, ज्याला त्यातले काहीच ठाऊक नसते!

गेल्या वर्षीचा प्रसंग सांगतो. वडिलांच्या चुलतभावाच्या मुलीचे लग्न गुरुवारी होते. जायला एक दिवस आणि यायला एक दिवस धरून तीन रजा लागणार होत्या; माझ्याकडे चार शिल्लक होत्या आणि त्यांतल्या दोन आईच्या शस्त्रक्रियेसाठी राखलेल्या होत्या. पत्रिका मिळाल्यावर हा हिशेब करायला एक संध्याकाळ पुरली. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तो काकांना, कारण निमंत्रण त्यांच्या नावाने होते. वडिलांकरवी निरोप पाठवला नाही. म्हणालो, “काका, इतक्या आठवणीने बोलावलेत, फार बरे वाटले. पण तीन दिवसांची रजा लागते आणि माझ्या हातात दोनच आहेत, म्हणून मला येता येणार नाही. मला मोजणीत धरू नका.” यात ‘बहुतेक’ नाही, ‘शक्यतो’ नाही, आणि कारण एकच आहे, कारण तीन-चार कारणे लागोपाठ सांगितली की त्यांतले एकही खरे वाटत नाही.

काका म्हणाले, “अरे, मग एका दिवसापुरता ये.” असा आग्रह बहुतेक वेळा होतोच, आणि पुष्कळांचा पाय घसरतो तो इथेच. मी नवे कारण काढले नाही. प्रवासातच दोन दिवस जातात, एवढेच पुन्हा सांगितले आणि लगेच मुलीची चौकशी केली. त्यानंतर ते दहा मिनिटे जावयाविषयी बोलत राहिले. ते दुखावले असते तर “बरं, तुझी मर्जी” म्हणून फोन आटोपला असता. त्याच संध्याकाळी नकार आणि शुभेच्छा दोन ओळींत लिहूनही पाठवल्या, कारण धावपळीत फोनवरचे बोलणे यादीपर्यंत पोहोचेलच असे नसते. लग्नानंतर आठवड्याने पुन्हा फोन केला. माझ्या मते सबंध प्रकरणात हा फोन सर्वांत मोलाचा असतो आणि नेमका तोच लोक विसरतात.

आपल्या आक्षेपातला एक भाग मात्र मी स्वीकारतो. नाते कागदावर दूरचे असले, पण तीच माणसे आपल्या अडीनडीला रात्री-अपरात्री धावून आलेली असतील, तर वरचा हिशेब लागू होत नाही. तिथे बिनपगारी रजा घ्यावी, नाही तर घरातल्या एकाला तरी पाठवावे. माझ्या लेखात हे यायला हवे होते.

आणि आपण स्वतः कोणाला ‘बघतो’ म्हणून ठेवले असेल आणि जाणे होणार नाही हे आता कळत असेल, तर आजच फोन करावा. “मी आधीच स्पष्ट सांगायला हवे होते” या वाक्याने सुरुवात केली, तर पुढचे बोलणे सोपे जाते.