दुर्बिणीशेजारी उभं राहून बोलू नका

"आपल्या छंदाबद्दल मनापासून, भरभरून बोला. उत्साह खरा असेल तर समोरचा आपोआप रंगतो. अर्धवट सांगू नका, सगळं सांगा, तरच गोडी लागते. मान डोलावतोय, ‘अरे वा’ म्हणतोय तोवर चालू ठेवा. आणि तरीही ज्याला रस वाटत नाही, त्याचा नाद सोडा."

हा मजकूर मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. गेली कित्येक वर्षं मी गच्चीवर लोकांना आकाश दाखवतो. सहा इंची दुर्बीण आहे, डॉब्सोनियन, म्हणजे लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची. त्या अनुभवावरून सांगतो, यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याने मला पाहुणे गमवायला लावलेत.

उत्साहाचं आधी बघू. तो खरा असतो आणि लागतोही, नाहीतर रात्री थंडीत गच्चीवर कोण येईल? पण तो पोचतो कशातून, हे बघायला हवं. गुरू नीट लावून मी पाहुण्याला म्हणायचो, "बघा," आणि लगेच बोलायला लागायचो. पट्टे कसले, चंद्र किती, 1610 साली गॅलिलिओने काय पाहिलं. माणूस सभ्य असतो. आपल्याशी कोणी बोलत असेल तर तो तोंड आपल्याकडे वळवतो, आणि डोळा भिंगावरून उचलला जातो. जे दाखवायला बोलावलं, त्याच्यावरून त्याची नजर माझ्याच बोलण्याने हटत होती. हे लक्षात यायला मला फार वेळ लागला.

त्यात नव्या माणसाचा डोळा पहिले काही सेकंद नुसती जागा शोधत असतो. पापणी आड येते, चष्मा मध्ये येतो, डोकं जरा हललं की चित्र काळं होतं. दोन सेकंदांत डोळा काढून "मस्त!" म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच दिसलेलं नसतं. म्हणून आता मी सुरुवात 25 मिलिमीटरच्या भिंगाने करतो. माझ्या दुर्बिणीत ते 48 पट मोठं दाखवतं. 10 मिलिमीटरचं लावलं की 120 पट होतं आणि गुरू मोठा दिसतो खरा, पण पृथ्वी फिरत असल्याने मध्यावर आणलेला गुरू मिनिटभरात कडेला जातो, आणि पाहुण्याला वाटतं आपल्या हातून काहीतरी बिघडलं. 48 पटीत तो दोनेक मिनिटं निवांत बघू शकतो. तेवढा वेळ मी गप्प.

आता "सगळं सांगा". एका फेब्रुवारीत अकरा वर्षांची पुतणी आली होती. तिला मी चंद्रांची नावंसुद्धा सांगितली नाहीत. कागद-पेन्सिल आणि लाल कागद गुंडाळलेली बॅटरी दिली (पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेला डोळा बिघडतो, आणि पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं जातात), आणि म्हटलं, "गोळ्याच्या शेजारी ठिपके दिसतील, जसेच्या तसे काढ." तिने चार काढले. जेवण झालं, मंडळी गप्पा मारत बसली. दोन तासांनी ती पुन्हा वर गेली आणि तिथूनच हाक मारली, "काका, हा जवळचा हललाय!"

तो आयो होता. गुरूभोवती त्याची फेरी साधारण साडेबेचाळीस तासांत होते, त्यामुळे तो गुरूच्या जवळ दिसत असतो तेव्हा दोन तासांत जवळजवळ गुरूच्या व्यासाएवढा सरकतो. पण आयो त्याच्या फेरीच्या टोकाला असेल तर तेवढ्या वेळात जागचा हललेला दिसत नाही, म्हणून रात्र बघून निवडावी लागते. ती मी आधीच निवडली होती. माझी सगळी माहिती त्या निवडीत खर्ची पडली, बोलण्यात नाही. "हलतो का तो? किती दिवसांत फिरतो?" हे तिने विचारलं तेव्हा साडेबेचाळीस तास सांगितले. जेवणाआधी सांगितले असते तर तो आकडा तिच्या काहीच कामाचा नव्हता.

मान डोलावण्याचा मुद्दा मला सगळ्यात चुकीचा वाटतो. गच्चीवर अंधार असतो, चेहरा दिसतच नाही. त्यामुळे कोण रंगलंय हे ओळखायच्या दुसऱ्या खुणा मला शिकाव्या लागल्या, आणि त्या उजेडातही जास्त खऱ्या ठरतात. "अरे वा", "हो का", "कमाल आहे" ही उत्तरं न ऐकताही देता येतात. "केवढ्याला घेतली दुर्बीण?" हा प्रश्नही पुष्कळदा सौजन्याचा असतो. बघून झालेला माणूस रांगेत परत येऊन उभा राहिला, खाली जाऊन कोणाला तरी वर घेऊन आला, किंवा मला अपेक्षितच नसलेला प्रश्न त्याने विचारला, की मी समजतो. काही जण तर एकदम गप्प होतात. त्या गप्प बसण्याला कंटाळा समजून मी पूर्वी पुढचं दाखवायला घाई करायचो. डोळा भिंगावर असेल तर तो कंटाळा नव्हे.

आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे समोरचा आपल्याकडचं काही सांगायला लागतो. गावाकडच्या एका आजोबांना मी मृग दाखवला, पोटातला बाण दाखवला. ते म्हणाले, "मृग तर पावसाचा. थंडीत कसा काय दिसतोय?" माझ्या यादीत तेव्हा देवयानी दीर्घिका होती, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची, दुर्बिणीतून नुसता पुसट डाग. ती यादी मी सोडून दिली. जूनच्या 7-8 तारखेला सूर्यच मृग नक्षत्रात जातो, म्हणून शेतकऱ्याचा मृग लागतो. तेव्हा ते तारे सूर्याबरोबर दिवसा वर असतात, दिसणार कसे? सहा महिन्यांनी सूर्य पलीकडे गेला की तेच तारे रात्री डोक्यावर येतात. आजोबांनी हातानेच सूर्याची वाट आकाशात आखून बघितली. मग उत्तरेकडे वर येणारे सप्तर्षी दाखवून म्हणाले, "ही म्हातारीची बाज, आणि हे तीन चोर ती पळवतायत." पुढचा अर्धा तास ते बोलत होते आणि मी ऐकत होतो.

राहिला नाद सोडण्याचा सल्ला. तो अर्धा बरोबर आहे. दोनदा विचारून "नको, थंडी वाजते" म्हणणाऱ्याला मी तिसऱ्यांदा विचारत नाही, खाली चहाला जातो. पण रस नाही आणि रस दुसरीकडे आहे, यात फरक आहे. सुतारकाम करणारा एक मित्र आला, गुरूकडे पाहून "छान" म्हणाला आणि बाजूला झाला. थोड्या वेळाने बघतो तर तो गुडघ्यावर बसून दुर्बिणीच्या बैठकीवरून हात फिरवत होता. एवढी लांब नळी ढकलावी तिथे थांबते, खिळ नाही, स्क्रू आवळलेला नाही, हे कसं? मी नळी उचलून बाजूला ठेवली आणि बैठकीतले टेफ्लॉनचे तुकडे दाखवले. घर्षण इतकंच असतं की बोटाने ढकललं तर नळी सरकते आणि सोडली की जागची हलत नाही. त्याने तुकड्यांची जाडी बोटाने चाचपली, वजन नळीच्या कुठल्या टोकाला जास्त आहे ते विचारलं आणि खिशातून टेप काढला. गुरू तोवर पश्चिमेला कलला होता. मी लाल बॅटरी धरून उभा राहिलो आणि तो मापं सांगत गेला.