P0171 आणि बिचारा ऑक्सिजन सेन्सर

"इंजिन लाईट लागलीय आणि गाडी उभी असताना थरथरते? स्कॅनरवर P0171 आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलून टाका. तरी नाही थांबलं तर प्लग-कॉइल बदला. नाहीतर हा सगळा इथेनॉलचा प्रताप. लाईट घालवायला बॅटरीचं टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवा. एअर सेन्सर साफ करायचाच असेल तर कार्ब क्लीनर मारा. सर्वांना पाठवा."

सांगलीत माधवनगर रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे. गेल्या गळीत हंगामात तासगावकडचे एक हळदीचे व्यापारी हा मेसेज मोबाईलवर घेऊनच आले. दीड लिटरची पेट्रोल सेडान, ८२ हजार किलोमीटर झालेली. मेसेजमधलं जवळजवळ सगळं करून झालं होतं. ऑक्सिजन सेन्सर नवा, चारही प्लग नवे, एक कॉइल नवी, आणि लाईट तिसऱ्यांदा लागलेली. सकाळी थंड गाडी चालू केली की मिनिटभर स्टिअरिंग हातात नाचायचं, मग थरथर कमी व्हायची.

आधी ऑक्सिजन सेन्सरचं बोलू, कारण सगळ्यांत जास्त पैसे त्याच्यावर वाया जातात. हा सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसून, जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगतो. ते ऐकून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. ही वाढ-घट म्हणजे फ्युएल ट्रिम. स्कॅनरवर STFT ही त्या क्षणाची दुरुस्ती असते आणि LTFT ही अंगवळणी पडलेली. दोन्हींची बेरीज बघायची. ती अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर साधारण ठीक. अधिक २५च्या आसपास गेली की ईसीयू हात टेकतो आणि P0171 लावतो. म्हणजे कोडचा अर्थ एवढाच, की पेट्रोल वाढवून वाढवून थकलो तरी मिश्रण पातळच आहे. आमटी अळणी आहे असं सांगणाऱ्यालाच पंगतीतून उठवलं, तर आमटीत मीठ पडत नाही.

सेन्सर मेलाय का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. इंजिन गरम असताना थ्रॉटलच्या बाजूनं पेट घेणारा स्प्रे जरासा आत सोडायचा. मिश्रण घट्ट होतं आणि जिवंत सेन्सर लगेच ०.८ व्होल्टच्या वर उडी मारतो. यांचा मारत होता.

प्लगबद्दल मेसेज पुरता खोटा नाही. मिसफायर झाला की न जळलेली हवा तशीच एक्झॉस्टमध्ये जाते, आणि सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं. पण मग स्कॅनरवर कुठल्या तरी सिलिंडरचा मिसफायर आकडा चढताना दिसतो. इथे चारही शून्य होते.

इथेनॉलचा राग समजतो. पण आकडा बघा. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला वजनानं सुमारे १४.१ पट हवा लागते, २० टक्केवाल्याला सुमारे १३.५ पट. म्हणजे पेट्रोल ४ टक्क्यांच्या आसपास जास्त लागेल, आणि तेही गाडी उभी असो की घाटात, सगळीकडे सारखंच. पुढे या गाडीत दिसले तसे, एका ठिकाणी उणे आणि दुसऱ्या ठिकाणी अधिक २१, असे ट्रिम इथेनॉल करत नाही.

टर्मिनल काढण्याचा सल्ला मात्र नुसता निरुपयोगी नाही, नुकसानीचा आहे. लाईट लागली त्या क्षणाचा फ्रीझ फ्रेम, म्हणजे तेव्हाचा आरपीएम, लोड, तापमान, ट्रिम, सगळं त्यात पुसलं जातं, आणि LTFTही शून्यावर येतो. यांनी टर्मिनल दोनदा काढलं होतं. मला हातात काहीच नव्हतं, म्हणून दोन दिवस गाडी नेहमीसारखी वापरून परत यायला सांगितलं.

परत आल्यावर तीन ठिकाणी बेरीज घेतली. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि पाय अॅक्सिलरेटरवर नसताना, उणे ३, गाडी उभी ठेवून २५०० आरपीएमला अधिक ८, आणि रस्त्यावर लोड देऊन अधिक २१. खरं उत्तर याच चढात आहे. हवेची नळी किंवा गॅस्केट फुटून चोरटी हवा शिरत असती तर चित्र उलटं दिसलं असतं. गळती जवळपास तेवढीच राहते, इंजिनाची एकूण हवा वाढते, म्हणून आयडलला मोठा असलेला ट्रिम २५००ला खाली येतो. इथे तो वर जात होता. मग संशयित दोन उरतात. एक, हवा मोजणारा MAF सेन्सर, म्हणजे मेसेजमधला एअर सेन्सर, कमी मोजतोय. दोन, पेट्रोल पंप थकलाय.

या दोघांना वेगळं करायला कागद-पेन्सिल पुरते. दीड लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत दीड लिटर हवा ओढतं. ४००० आरपीएमला मिनिटाला २००० वेळा, म्हणजे ३००० लिटर, म्हणजे सेकंदाला ५० लिटर. आपल्याकडच्या उन्हात लिटरभर हवा सुमारे १.१ ग्रॅम भरते, म्हणजे ५५ ग्रॅम. सिलिंडर सहसा पूर्ण भरत नाही, ८५ टक्के धरले तर ४६-४७. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. स्कॅनर शेजारच्या माणसाच्या हातात हवा, चालवणाऱ्याच्या नाही. MAFचा आकडा आला सेकंदाला ३६ ग्रॅम. पंप थकला असता तर हवेचा आकडा बरोबर आला असता आणि फक्त ट्रिम चढला असता.

MAFच्या आत गरम ठेवलेली बारीक तार किंवा पट्टी असते. हवा तिला थंड करते, आणि ती गरम ठेवायला किती करंट लागला यावरून हवा मोजली जाते. तिच्यावर धुळीची गोधडी चढली की करंट कमी लागतो, हवा कमी दिसते. यांनी तेल लावायचा कापडी एअर फिल्टर बसवला होता आणि तेल सढळ हातानं ओतलं होतं. तेल उडून तारेवर, त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ.

आता सकाळची थरथर. आयडलची बेरीज उणे ३ होती खरी, पण ती LTFT अधिक ११ आणि STFT उणे १४ मिळून. रस्त्यावर शिकलेली जादा पेट्रोलची सवय आयडललाही लागू होत होती. गरम गाडीत STFT ती कापायचा. थंड गाडीत ऑक्सिजन सेन्सर तापलेला नसतो, कापणारा कोणी नाही, म्हणून इंजिन जादा पेट्रोलवर घुसमटायचं. फक्त एकूण बेरीज बघणाऱ्याला हे दिसत नाही.

कार्ब क्लीनर इथे नको. तो प्लास्टिकला आणि तारेवरच्या लेपाला धोका, शिवाय मागे थर ठेवू शकतो. MAFसाठी वेगळा क्लीनर मिळतो. चावी बंद, तार थंड, कनेक्टर काढा, दोन स्क्रू काढून सेन्सर बाहेर घ्या, लांबून दहा-बारा झटके मारा, २० मिनिटं वाळू द्या. कापूस, ब्रश, कॉम्प्रेसरची हवा यांतलं काहीही तारेला लावू नका. त्यांचा तेलकट फिल्टर काढून साधा कागदी बसवला, जुने ट्रिम स्कॅनरनं पुसले. त्याच रस्त्यावर त्याच गिअरला आकडा ४५ आला. आठवड्यानं बेरीज कुठेच अधिक ४च्या वर नव्हती.

स्कॅनरवर MAF ही ओळच नसेल आणि फक्त MAP दिसत असेल, तर यातलं तारेचं काही लागू नाही. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या तशाच आहेत. त्यांत हवा दाबावरून काढतात.

त्यांचा काढलेला जुना ऑक्सिजन सेन्सर डिकीत कागदात गुंडाळून ठेवलेला होता. सहज बसवून पाहिला. ०.८५ व्होल्ट.