घड्याळ म्हणतं ३२०, म्हणून ३२० खायच्या?

व्यायाम संपला की मनगटावरचं घड्याळ जळलेल्या कॅलरींचा एक आकडा दाखवतं. ॲप तो लगेच दिवसाच्या हिशेबात जमा करतं आणि आपण तेवढं जास्तीचं खायला मोकळे होतो. वजन उतरवायचं असेल तर ही सवय आधी सोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. व्यायामापोटी काहीच जास्त खाऊ नका, असं मात्र मी म्हणत नाही. वाद फक्त किती खायचं याचा आहे.

एक हिशेब मांडून बघू. समजा, एका बाईंचं वजन ७० किलो आहे. व्यायाम धरला नाही तर त्यांचं वजन १९०० कॅलरीला स्थिर राहतं, म्हणून त्यांनी रोज १६०० खायचं ठरवलं, म्हणजे ३०० ची तूट. शिवाय रोज पाऊण तास भरभर चालणं. घड्याळ त्याच्या ३२० कॅलरी दाखवतं आणि बाई त्या ३२० खातात, बहुतेक वेळा काहीतरी गोड किंवा तळलेलं, कारण "आज कमावलंय".

आता त्या चालण्याचा खरा खर्च किती? या वजनाला आणि या वेगाला साधारण २२५ कॅलरी. पण तो पाऊण तास खुर्चीत बसून काढला असता तरी पन्नासेक कॅलरी गेल्याच असत्या, आणि त्या १९०० मध्ये आधीच धरलेल्या आहेत. म्हणजे चालण्यामुळे वाढलेला खर्च १७५ च्या आसपास. त्यातही शरीर थोडी काटकसर करतं. व्यायामानंतर आपण नकळत जास्त बसतो, जिना टाळतो, दुपारी जरा आडवे होतो. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात ही भरपाई सरासरी २८ टक्के निघाली. माणसागणिक ती बदलते, पण सरासरी धरली तर हातात उरतात १२५.

खाल्ल्या ३२०, मिळाल्या १२५. म्हणजे १९५ कॅलरी जास्त गेल्या आणि ३०० ची तूट १०५ वर आली. एवढ्या तुटीत आठवड्याला जेमतेम शंभर ग्रॅम उतरतात. पाणी आणि मीठ यांनीच वजन एखादा किलो इकडचं तिकडं होतं, त्यात हे शंभर ग्रॅम काट्यावर दिसणार कुठून? बाई म्हणतात, "माझं मेटाबॉलिझमच बसलंय." बसलेलं काही नसतं. बक्षिसाचा तो पदार्थ अंदाजापेक्षा थोडा मोठा निघाला, तर उरलेली १०५ सुद्धा संपते.

घड्याळाची चूक लहान नसते. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले, पण कॅलरीत सगळ्यांत चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं.

मग न्याय्य आकडा कसा ठरवायचा? आधी ॲपमध्ये स्वतःला काय म्हणून नोंदवलंय ते बघा. तिथे "मध्यम सक्रिय" निवडलं असेल तर व्यायाम रोजच्या आकड्यात आलेलाच आहे, वर पुन्हा काही धरायचं नाही. "बैठं काम" निवडलं असेल तर चालण्या-धावण्याच्या दाखवलेल्या आकड्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. वजनं उचलण्याचा आकडा मी धरतच नाही, तिथे ठोक्यांवरून काढलेला अंदाज फारच भरकटतो.

पुढचं काम काट्याचं. रोज सकाळी वजन घ्या आणि पहिल्या आठवड्याची सरासरी पाचव्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. मध्ये २८ दिवस जातात, त्यामुळे पाळीच्या आधी वाढणारं पाणीही बऱ्यापैकी वजा होतं. वरच्या बाईंचं बघा. ३०० च्या तुटीने २८ दिवसांत साधारण १.१ किलो उतरायला हवं होतं, उतरलं ०.४. फरक ०.७ किलो. किलोला ७७०० कॅलरी धरल्या तर ५४०० होतात, म्हणजे रोजच्या १९०. आता ३२० मधून १९० वजा करा, उरले १३०. त्यांनी चालण्यापोटी रोज खायचा आकडा हा. घड्याळ चुकलं, शरीराने काटकसर केली की जेवणाची नोंद कमी पडली, हे शोधत बसायची गरजच नाही. सगळी गळती या एका वजाबाकीत येते. (पहिला आठवडा डाएटचाही पहिलाच असेल तर तो सोडा, तेव्हा नुसतं पाणी उतरतं.)

हे १३० व्यायामानंतर वेगळं बक्षीस म्हणून न घेता रोजच्या जेवणातच मिसळा. आठवड्यात चारच दिवस चालत असाल तर चार दिवसांची बेरीज करून सातांत वाटा.

दीड-दोन तास धावणाऱ्यांना किंवा सायकल चालवणाऱ्यांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नका, त्यांना त्याच दिवशी नीट खावंच लागतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल किंवा खाण्याचा विकार होऊन गेला असेल, तर आधी डॉक्टर. आणि वजन आठवड्याला एक टक्क्याहून वेगाने उतरत असेल, पाळी लांबत असेल, नेहमीचा व्यायाम जड जायला लागला असेल, तर तुमचा आकडा कमी पडतोय. तो लगेच वाढवा, पाचव्या आठवड्याची वाट बघू नका.