पाणी भरून बघितल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नका

आज साइटवरून आल्यापासून डोकं तापलंय. पोस्ट लांब होणार आहे, निवांत असाल तेव्हा वाचा.

एका फ्लॅटची दोन बाथरूम फोडून नव्याने करतोय. सकाळी सुपरवायझरचा मेसेज आला, "मॅडम, वॉटरप्रूफिंग झालं. उद्यापासून टाइल लावायला घेतो." सोबत चेकलिस्टचा फोटो, सगळ्या चौकटी भरलेल्या. मी तो मोठा करून बघितला. पाइपची प्रेशर टेस्ट, कोपऱ्यात सिमेंटने केलेले गोल वाटे, पहिला कोट, दुसरा कोट, पाणी भरून पाहणी. ही कामं वेगवेगळ्या दिवशी झालेली, मध्ये एक रविवारही गेलेला, आणि टिक मात्र सगळीकडे एकाच पेनाने, एकाच झटक्यात वरून खाली मारत आणलेली. संध्याकाळी जाऊन बघितलं तर कोटिंगवर सिमेंटची धूळ सगळीकडे सारखी पसरलेली. बाथरूममध्ये दोन दिवस पाणी उभं राहिलं की ते काढल्यावर भिंतीवर मळकट रेघ राहते. इथे रेघच नव्हती.

विचारलं तर म्हणाला, "रात्री भरलं होतं मॅडम, सकाळी काढलं. कुठं काही नाही." कुठं काही नाही हे त्याने कशावरून ठरवलं? खालच्या मजल्यावर कोणी गेलंच नव्हतं.

मला अशा वेळी आत्याचं घर आठवतं. डोंबिवलीला तिने मोठ्या हौसेने बाथरूम नवीन करून घेतलं. मी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होते. कॉन्ट्रॅक्टर तिनेच ओळखीतून बघितलेला. गणपतीच्या आत काम संपवायचं म्हणून सगळ्यांची घाई. काम वेळेत झालं, गणपती बसले, सगळ्यांनी कौतुक केलं. दिवाळीनंतर खालचे काका वर आले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला, बरोब्बर ओट्यावर, तपकिरी कडेचा डाग पडला होता आणि मधोमध रंगाला फुगे आले होते. काका भला माणूस, आवाजही चढवला नाही. पण आत्या त्या दिवसापासून आंघोळ करताना पाणी जपून वापरायला लागली. स्वतःच्या घरात, नव्या बाथरूममध्ये!

याचा राग मला अजून आहे, कारण ही चूक थांबवता येते आणि त्याला फार तर तीन दिवस आणि एक पट्टी लागते.

बाथरूम जमिनीच्या मधोमध सहसा गळत नाही. गळतं ते जमिनीवरचं पाणी जिथून जातं त्या नहाणी ट्रॅपच्या गळ्याशी, स्लॅबमधून आरपार गेलेल्या पाइपाभोवती, आणि भिंत जमिनीला मिळते त्या कोपऱ्यात. या तिन्ही जागा हाताने करायच्या, वाकून करायच्या, कंटाळवाण्या. मोकळ्या जमिनीवर ब्रश सरासर फिरतो, पाइपाच्या मागे फिरत नाही. घाई असली की पाइपाची पुढची बाजू रंगते आणि मागची कोरडी राहते. पहिला कोट ओला असतानाच दुसरा मारला जातो. भिंतीवर निदान फूटभर चढवायचं कोटिंग चार बोटांवर थांबतं. उभ्याने बघितलं तर सगळं छान दिसतं. म्हणून काम करणाऱ्याने पहिली तपासणी स्वतः बसून, बॅटरी हातात घेऊन करायची. पाइपाच्या मागे बोट फिरवायचं, कोपऱ्याचा वाटा गोल आहे की तडकलाय ते बघायचं. आणि हे काम संपल्या संपल्या नाही, थोडा वेळ जाऊ देऊन. आत्ताच हातातून गेलेलं काम डोळ्याला पूर्णच दिसतं.

मग पाणी. ट्रॅप आणि बाकीची तोंडं नीट बंद करायची, उंबऱ्याशी छोटा बांध घालायचा आणि साधारण दोन इंच पाणी भरायचं. भरल्या भरल्या रेघ मारायची नाही, कारण पहिल्या काही तासांत जमीन थोडं पाणी पिते. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळीवर पेन्सिलने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. तिथून ४८ तास.

आता यात एक गोष्ट जवळजवळ कोणीच करत नाही. त्याच बाथरूममध्ये सरळ बाजूंचा एक डबा पाण्याने भरून ठेवा आणि त्यावरही रेघ मारा. पाणी हवेत उडून जातंच. डबा नसेल तर पातळी उतरली की कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ‘उडालं’ आणि मालक म्हणतो ‘गळलं’, आणि दोघांकडेही पुरावा नाही. समजा ४८ तासांनी जमिनीवरचं पाणी ४ मिलिमीटर उतरलं आणि डब्यातलंही ४ उतरलं, तर निश्चिंत व्हा. जमिनीवरचं ११ उतरलं आणि डब्यातलं ४, तर वरचे ७ कुठेतरी मुरलेत. आधी ट्रॅपचं बूच तपासा, बऱ्याचदा तेच सैल असतं. बूच पक्कं असेल तर पाणी काढू नका, उतरू द्या. एका पातळीला येऊन उतरणं थांबलं तर भोक त्याच उंचीवर आहे, तिथून आडवी नजर फिरवा. थांबलंच नाही तर जमिनीवर किंवा ट्रॅपच्या गळ्याशी शोधा.

आणि खालच्या घरी जा! पाणी भरायच्या आधी त्यांच्या छताचा फोटो, ४८ तासांनी त्याच जागेवरून दुसरा फोटो. शेजाऱ्यांना त्रास होतो, मान्य. नंतर होतो त्यापेक्षा कमी होतो.

आत्याच्या घरी काय झालं होतं ते अजून सांगितलंच नाही मी. तिथे पाण्याची टेस्ट झाली होती. खरंच झाली होती, आत्याने स्वतः बघितली होती, पाणी दोन दिवस उभं होतं, पास झाली होती. कागदावरची टिक खोटी नव्हती. मग टाइल फोडल्यावर दिसलं ते हे: कमोडची जागा तीन इंच सरकवायचं नंतर ठरलं होतं. प्लंबर आला, कोटिंग कापलं, पाइप हलवला, भोवती सिमेंट थापलं आणि गेला. त्याचं काम ‘झालं’. वॉटरप्रूफिंगवाल्याचं आधीच ‘झालं’ होतं. टाइलवाल्याने समोर दिसलं त्यावर टाइल लावल्या. तिघांनीही आपापलं काम केलं आणि कापलेल्या जागेचं पोरकं भोक तसंच टाइलखाली गेलं.

म्हणून माझ्या साइटवर नियम आहे. टेस्ट पास झाल्यावर छिन्नी, ड्रिल किंवा खिळा, काहीही त्या जमिनीला लागलं तर आधीची सही रद्द. नुसतं ‘पॅच मारला मॅडम’ चालत नाही. पुन्हा पाणी, पुन्हा रेघ. यावरून लोक मला हेकट म्हणतात, म्हणू देत.

शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये जी चेकलिस्ट आणली, तिच्यात १९ बाबी आहेत आणि त्या तीन जागी वाटलेल्या आहेत: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, आणि पेशंट ऑपरेशन थिएटरमधून बाहेर नेण्याआधी. हत्यारं आणि गॉजची मोजणी पेशंट तिथे असतानाच होते, दुसऱ्या दिवशी आठवून नाही. मला त्यातलं हेच सगळ्यात पटतं. तपासणी एका ठरावीक क्षणाला बांधलेली हवी आणि तो क्षण झाकण्याच्या आधीचा हवा. बाथरूममध्ये असे क्षण दोन. एक, भिंतीतले पाइप प्लास्टरखाली जाण्याआधी. दोन, कोटिंग टाइलखाली जाण्याआधी. बाकी टाइलची लेव्हल, नळाची चकाकी वगैरे नंतरही बघता येतं, बदलताही येतं. चेकलिस्टमध्ये तीस ओळी घालून या दोन ओळी त्यात हरवून टाकण्यात काय अर्थ आहे?

पाइपाच्या बाबतीतही तेच. लाइन पाण्याने भरा, सगळ्यात वरचं तोंड उघडून हवा जाऊ द्या, मग हातपंपाने दाब द्या, रोजच्या दाबाच्या दीडपट तरी. गेजचा आकडा आणि वेळ लिहा, काही तासांनी पुन्हा आकडा लिहा. हवा राहिली असेल तर काटा सुरुवातीलाच थोडा घसरतो, ती काढून पुन्हा दाब द्या. तरी घसरत राहिला तर प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवा, ओला झाला तो जोड कापा. आणि प्लास्टरच्या आधी भिंतीला टेप लावून पाइपांचा फोटो काढा, नाहीतर आरसा लावणारा ड्रिल नेमका पाइपात घालतो.

आणि चौकटीत टिक नको, आकडा लिहा. पाणी किती मिलिमीटर होतं, किती राहिलं, डब्यात किती. गेज किती वाजता किती. टिक मारायला बाथरूममध्ये जावं लागत नाही, आकडा लिहायला वाकावं लागतं. खोटं लिहायचंच असेल तो आकडाही खोटा लिहील, हे मला कळतं. म्हणून रेघ आणि पट्टीचा फोटो मागायचा, डब्यासकट.

थोडी शांत झालेय आता, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. आमच्याकडे बहुतेक काम फुटावर दिलं जातं. पाणी भरून दोन दिवस थांबलं की मिस्त्रीचे ते दोन दिवस बिनपैशाचे जातात. मग तो का थांबेल? सुपरवायझरला मी बोलले खरं, पण त्याच्यावर तारखेचा दट्ट्या मालकाचा आणि मालकावर वास्तुशांतीच्या मुहूर्ताचा. हे मालकांनीही ऐका. दिवस ठरवताना पाण्याचे तीन दिवस वेगळे लिहून ठेवा आणि त्या दिवसांत मिस्त्रीला दुसरं काम द्या, दुसऱ्या बाथरूमचं प्लास्टर द्या, बाल्कनीचं द्या. मोकळा बसवलात तर तो पाणी काढणारच.

पण म्हणून न केलेल्या कामावर टिक मारायची? नाही. तेवढं मी सोडणार नाही. त्याने मला "नाही झालं मॅडम, दोन दिवस द्या" म्हटलं असतं तर मी मालकाशी स्वतः बोलले असते. आधीही बोललेय.

आत्याचं बाथरूम पुन्हा फोडलं, पुन्हा केलं, खालच्यांचं छतही तिनेच रंगवून दिलं. पैसे गेले ते गेले. कॉन्ट्रॅक्टर शेवटपर्यंत एकच सांगत होता, "ताई, आमच्या कागदावर सगळं ओके आहे."

आजच्या फ्लॅटच्या टाइल थांबवल्यात. सुपरवायझरने संध्याकाळी माझ्यासमोर ट्रॅप बंद करून पाणी भरलं, उद्या सकाळी रेघ मारून फोटो पाठवणार आहे. मालकांना फोन करून सांगितलं, थोडे नाराज झाले. खालच्या काकूंकडे जाऊन छताचा फोटो काढून आले.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी सध्या बाथरूमचं काम चालू असेल आणि टाइल अजून लागल्या नसतील, तर रेघेचा आणि डब्याचा फोटो मला इनबॉक्स करा. मी बघून सांगते.