संदर्भयादी बघून दोन मिनिटांत निकाल?

शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: "शोधनिबंध तपासताना वेळ घालवू नका, थेट संदर्भयादी बघा. `.gov`, `.edu`, `.org` असेल तर स्रोत विश्वासार्ह, `.com` म्हणजे टाकाऊ. 5 वर्षांपेक्षा जुना संदर्भ बाद. ISSN असलेल्या जर्नलमधला लेख डोळे झाकून धरा. 15 च्या वर संदर्भ म्हणजे मुलानं अभ्यास केलाय. दोन मिनिटांत निकाल!"

मुंबईच्या कॉलेजांत पावसाळा संपला की मुंबईच्या पुरावरचे प्रकल्प ढिगानं येतात. त्यातलाच एक समोर ठेवून बोलतो. टीवायच्या मुलीचा निबंध, यादीत 22 नोंदी. मेसेजच्या हिशेबानं पास.

आधी पत्त्यांचं बघू. `.org` कुणीही विकत घेऊ शकतो. त्यासाठी ना संस्था लागते ना नोंदणी. `.edu` अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थांसाठी राखीव आहे, आपल्याकडची विद्यापीठं सहसा `.ac.in` वर असतात. मुंबई विद्यापीठच घ्या, `mu.ac.in`. उलट नेचर प्रकाशनाची सगळी नियतकालिकं `nature.com` वर आहेत, म्हणजे मेसेजप्रमाणे टाकाऊ. `.gov.in` वर पान सरकारी आहे एवढी खात्री मिळते, पुढचा प्रश्न शिल्लक राहतो: सरकार इथे मोजणारं आहे की ज्याच्या कामाची मोजदाद व्हायची ते? हवामान खात्यानं सांताक्रूझला मोजलेला पाऊस आणि महापालिकेनं पावसाळ्याआधी जाहीर केलेली नालेसफाईची टक्केवारी, दोन्ही सरकारी पानांवर मिळतात. पहिलं मोजमाप आहे, दुसरा दावा. त्या मुलीनं नालेसफाईचा आकडा 'महापालिकेच्या म्हणण्यानुसार' न लिहिता वस्तुस्थिती म्हणून दिला होता. पत्ता अस्सल असूनही वाक्य कच्चं ते असं.

पाच वर्षांच्या नियमावर जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. हा नियम लावला तर 26 जुलै 2005 च्या पुरावर माधव चितळे समितीनं दिलेला 2006 चा अहवाल बाद. 2011 ची जनगणनाही बाद, आणि 2021 ची झालीच नाही, म्हणजे मुंबईच्या लोकसंख्येसाठी हातात काहीच उरत नाही.

आता तिचं एक वाक्य बघा: "मुंबईतल्या पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी 25 मिलिमीटर आहे." खाली एका वेबसाइटवरच्या लेखाचा संदर्भ, तारीख अगदी अलीकडची. मेसेजप्रमाणे ताजा. पण लेख उघडला तर आकड्यापाशी कुठलाच स्रोत नाही. आकडा शोधत मागे गेलं की कळतं, तो जुन्या, ब्रिटिशकाळात आखलेल्या व्यवस्थेचा आहे आणि तोही ओहोटी असताना. ही क्षमता ताशी 50 मिलिमीटरवर न्यावी असं सुचवणारा ब्रिमस्टोवॅड हा पर्जन्यजल निचऱ्याचा अहवाल 1993 चा. 2005 नंतर त्या कामाला वेग आला, हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. म्हणजे काही भागांत व्यवस्था बदलली, काही ठिकाणी नाही, आणि "क्षमता आहे" या वर्तमानकाळात हे सगळं गायब झालं. लेखाची तारीख नवी, आकडा जुना. तपासायची ती आकड्याची तारीख.

उलट 26 जुलै 2005 च्या पुराच्या वेळच्या "सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस" या आकड्याला वय नाही. मात्र मोजलं कुठे आणि कधीपर्यंत, हे हवंच. हवामान खात्याचे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे असतात, आणि त्याच काळात कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर नोंदला गेला. तिनं लिहिलं होतं "मुंबईत 944 मिलिमीटर". संदर्भ होता घरविक्रीच्या एका साइटचा, तिथेही तसंच लिहिलेलं. पाऊस संपूर्ण शहरावर सारखा कोसळला असं धरून तिनं पुढे दक्षिण मुंबईच्या गटारांवर अख्खा परिच्छेद रचला होता. मूळ नोंदीपर्यंत गेली असती तर तो परिच्छेद लिहिलाच नसता.

ISSN हा नियतकालिकाचा ओळखक्रमांक, दर्जाचा शिक्का नव्हे. तो पाककृतींच्या मासिकालाही मिळतो. यूजीसीनं स्वतःच्या मान्य यादीतली 4,305 नियतकालिकं मे 2018 मध्ये एका झटक्यात काढून टाकली होती, त्यावरून काय ते समजा. संशय आला तर अंकाची अनुक्रमणिका उघडायची. एकाच अंकात नर्सिंग, संत साहित्य आणि सिमेंट काँक्रीट शेजारी शेजारी नांदत असतील आणि मुखपृष्ठावर "48 तासांत स्वीकृती" असेल, तर लेख कुणी तपासलेला नाही असं खुशाल समजावं.

पण खरी गंमत चांगल्या जर्नलची. तिच्या निबंधात होतं: "मुंबईत अतिवृष्टीचं प्रमाण तिप्पट झालं आहे." संदर्भ नेचर कम्युनिकेशन्सचा, 2017 चा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. स्रोत बावनकशी. फक्त तो अभ्यास मध्य भारताच्या पट्ट्याचा आहे, 1950 ते 2015 या काळातला, आणि तिप्पट वाढ आहे ती एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटनांची. एकट्या मुंबईबद्दल तो असं म्हणत नाही. तिनं बहुधा बातमी वाचली आणि यादीत पेपर टाकला. मुलं हे सर्रास करतात, आणि खरं सांगायचं तर मुलंच करतात असंही नाही. यादीकडे बघून हे कधीच कळणार नाही. पेपरचा गोषवारा वाचला की दोन ओळींत कळतं.

संख्येबद्दल थोडक्यात. तिच्या 22 पैकी नऊ नोंदी मजकुरात कुठेच आलेल्या नव्हत्या. पाच नोंदी वेगवेगळ्या वृत्तसाइटच्या, पण वाक्यं शब्दशः तीच, कारण बातमी एकाच वृत्तसंस्थेची. तो एक स्रोत झाला, पाच नव्हेत. उरले आठ, त्यात विकिपीडिया एक. त्याला मी फार घाबरत नाही. चितळे अहवालाचा माग तिला तिथल्याच तळटिपेतून लागला असता, ती तळटिपेपर्यंत गेली नाही एवढंच.

मग तपासायचं कसं? निबंधाचा निष्कर्ष ज्यांवर उभा आहे अशी तीन वाक्यं निवडायची. इथे ती होती 944, 25 आणि तिप्पट. प्रत्येकाचा संदर्भ उघडायचा आणि विचारायचं: हे मुळात कुणी मोजलं, कुठे, कोणत्या काळासाठी? आणि वाक्य तेवढंच सांगतंय की जास्त? वीसेक मिनिटं जातात. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला वीस मिनिटं देणं जमत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून तीन मुख्य वाक्यांसाठी स्रोतातल्या नेमक्या ओळीचा स्क्रीनशॉट मुलांनीच जोडायचा, अशी अट घालता येते. ज्याला ती ओळ सापडत नाही, तो निबंध द्यायच्या आधीच वाक्य बदलतो. त्या मुलीनं दुसऱ्या खेपेला लिहिलं: "सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलिमीटर, कुलाब्यात 73." आणि दक्षिण मुंबईचा परिच्छेद काढून टाकला.