हिरवा ठिपका पाहिला म्हणजे झालं का?

“पाकिटावर हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा नंबर बघा, बास. सगळं कारखान्यात शिजवलेलं असतं, जंतू मेलेलेच असतात. गरोदर बाईने चीज, मेयोनीज, सलामी फ्रीजमधून काढून बिनधास्त खावी. शंका आली तर वास घेऊन बघा.”

हा मेसेज माझ्या भाचीला तिच्या जाऊबाईंनी पाठवला. तिला पाचवा महिना आहे. “मावशी, मग खाऊ ना?” असं तिने विचारलं, कारण मी डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी केली आहे. तिला फोनवर सांगितलंच, पण मेसेज अजून फिरतोच आहे, म्हणून इथे लिहिते.

सगळ्यात घातक आहे ते फ्रीजचं आणि वासाचं. गरोदरपणात ज्याची धास्ती घ्यायची तो जंतू म्हणजे लिस्टेरिया. फ्रीजमध्ये बाकीचे बहुतेक जंतू मंदावतात, हा मात्र चार अंशालाही हळूहळू वाढत राहतो. त्याने वास बदलत नाही, चव बदलत नाही, बुळबुळीतपणा येत नाही. नाकाला काय कळणार? आईला नुसता ताप आणि अंगदुखी होते, कधी तेवढंही नाही. पण जंतू वारेतून बाळापर्यंत पोचला तर गर्भपात होतो, बाळ पोटातच दगावतं किंवा जन्मल्यावर त्याला मेंदूज्वर होतो. शिवाय लक्षणं दिसायला कधीकधी दोन महिन्यांहून जास्त काळ जातो, तोवर काय खाल्लं होतं हे आठवतही नाही.

आता ‘कारखान्यात शिजवलेलं असतं’ याबद्दल. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 साली लिस्टेरियाची साथ आली. 1,060 रुग्ण सापडले, 216 जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे, आणि रुग्णांमध्ये सगळ्यात मोठा गट होता महिन्याच्या आतल्या बाळांचा. कशातून आली? पोलोनीतून. म्हणजे शिजवलेलं, थंड, तसंच कापून पावात घालायचं मांस, आपल्याकडच्या चिकन सलामीचं भावंडच. जंतू त्या कारखान्यातच सापडला. शिजवताना लिस्टेरिया मरतो हे खरं, पण नंतर काप करताना, पाकिटात भरताना तो यंत्रावरून, ओल्या फरशीवरून पुन्हा येऊन बसतो. त्यानंतर ते मांस कोणी गरम करत नाही.

म्हणून सलामी, हॅम, पेपरोनी खायचीच असेल तर आतपर्यंत वाफ निघेल इतकी गरम करून लगेच खा. तव्यावर नुसती कोमट करून भागत नाही. पाकिटावर ‘रेडी टू ईट’ लिहिलेलं असलं तरी हेच. गोव्याची चोरीस आपण नाहीतरी परतून, शिजवूनच खातो. तीही कच्ची राहू देऊ नका.

हिरव्या ठिपक्याचं एक मान्य करते. मेयोनीजच्या बाबतीत तो खरंच उपयोगी आहे. ठिपका हिरवा म्हणजे त्यात अंडं नाही, मग कच्च्या अंड्याचा प्रश्नच नाही. अंडं असलेल्या बाटलीवर घटकांच्या यादीत ‘पाश्चराइज्ड एग’ लिहिलंय का ते बघा. धोका जास्त आहे तो गाडीवरच्या आणि हॉटेलातल्या घरगुती मेयोनीजचा, त्याला लेबलच नसतं. तेलंगणाने 2024 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली, ती अन्नातून विषबाधा झाल्याच्या घटनांपायी.

पण चीजवरचा हिरवा ठिपका काहीच सांगत नाही. कच्च्या दुधाच्या चीजलाही तो मिळतो, कारण दूध शाकाहारीच! आणि तो चौदा आकडी नंबर परवानाधारक कोण ते सांगतो, दूध तापवलं होतं की नाही ते नाही.

मग बघायचं काय? आपल्या नेहमीच्या स्लाइस आणि क्यूबवर ‘प्रोसेस्ड चीज’ लिहिलेलं असतं. ते पुन्हा वितळवून बनवतात, भाचीला मी तेच खा म्हटलं. बाकी चीजवर घटकांमध्ये ‘पाश्चराइज्ड मिल्क’ शोधा. परदेशी डब्यावर ‘रॉ मिल्क’ किंवा फ्रेंचमध्ये ‘ले क्रू’ दिसलं की परत ठेवा. युरोपात कच्च्या दुधाच्या चीजवर तसं छापणं बंधनकारक आहे. आणि ब्री, कॅमेंबेर यांसारखं पांढऱ्या बुरशीच्या सालीचं मऊ चीज पाश्चराइज्ड दुधाचं असलं तरी थंड खाऊ नका. ते ओलसर आणि कमी आंबट असतं, लिस्टेरियाला तिथे चांगलंच फावतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, गरोदर बायकांना हेच सांगते. वाफ निघेपर्यंत शिजवलं तर चालतं, असंही.

असं काही आधीच खाण्यात आलं असेल आणि बरं वाटत असेल तर घाबरून जाऊ नका. ताप आला मात्र ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि मागच्या दोन महिन्यांत काय खाल्लं ते आपणहून सांगा. यावर अँटिबायोटिक आहे, पण लिस्टेरियाचा संशय आला तरच रक्ताची कल्चर तपासणी होते.